दीडशे की दोनशे एएच? इन्व्हर्टर बॅटरीचा वर्षाचा खर्च कसा काढायचा

प्रश्न: आमचं घर सासवडला आहे. ९०० व्हीएचा, एका बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आहे. जुनी १५० एएच बॅटरी (३६ महिने वॉरंटीची) चार वर्षं चालून गेली. आठवड्यातून एकदा सलग चार तास वीज जाते, बाकी दिवशी अर्धा तास. तेव्हा दोन पंखे, चार दिवे, राउटर आणि टीव्ही चालवतो. दुकानदाराने तीन भाव दिलेत. १५० एएच, वॉरंटी ३६ महिने (२४+१२), १२,९०० रुपये. १५० एएच टॉल ट्युब्युलर, ६० महिने (३६+२४), १५,८०० रुपये. २०० एएच टॉल ट्युब्युलर, ६० महिने (३६+२४), २०,४०० रुपये. जुनी दिली तर कुठल्याहीत ३,५०० कमी. वॉरंटीच्या वर्षांनी भागलं तर मधली सगळ्यात स्वस्त पडते. हा हिशोब बरोबर आहे का? आणि लिथियमचं काय?

उत्तर: हिशोब बरोबर नाही, तरी त्यातून निघालेली बॅटरी तुमच्यासाठी योग्य ठरू शकते. पंखे आहेत तेच ठेवणार असाल तर २०० एएच घ्या. पंखे बदलणार असाल तर मधली घ्या. लिथियम तुमच्या वापराला आज परवडत नाही. असं का, ते एकेक करून पाहू, म्हणजे उद्या दुकानदाराने भाव बदलून सांगितला तरी तुम्हाला स्वतःला आकडे बसवता येतील.

वॉरंटीने भागताना वरचा आकडाही चुकतो आणि खालचाही. वर तुम्ही छापील भाव धरता, पण तेवढे पैसे शेवटी तुमच्या खिशातून जात नाहीत. खाली वॉरंटीची वर्षं धरता, पण बॅटरी त्या तारखेला बंद पडत नाही आणि त्या तारखेपर्यंत चालेलच असंही नाही. शिवाय तुम्ही विकत घेताय ते तास, आणि ते या भागाकारात कुठेच येत नाहीत.

आधी किंमत

जुन्या बॅटरीचे ३,५०० रुपये तिन्ही भावांतून सारखेच वजा होतात, म्हणून तुलनेतून ते काढून टाका. ते तुमच्या गेलेल्या बॅटरीचे पैसे आहेत, नव्या बॅटरीचा त्यांच्याशी संबंध नाही. नवी बॅटरी संपेल तेव्हा तिच्या भंगाराचे जे पैसे येतील, ते मात्र तिच्या किमतीतून वजा करायचे. भंगाराचा भाव शिशाच्या वजनावर ठरतो, म्हणून भरलेल्या बॅटरीचं वजन दुकानदाराला विचारा. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात ते असतं, नसेल तर दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवायला सांगा.

तुमची जुनी बॅटरी साधारण ५० किलोची धरली तर दुकानदार किलोला ७० रुपये देतोय. (थेट भंगारवाल्याकडे याहून जास्त मिळू शकतात, विचारून पाहा.) पहिली ४७ किलो, मधली ५५ किलो आणि मोठी ६६ किलो भरली असं धरू. शेवटी अनुक्रमे ३,३००, ३,८५० आणि ४,६०० रुपये परत येतील. म्हणजे खरी किंमत झाली ९,६००, ११,९५० आणि १५,८०० रुपये. दुकानात पहिल्या दोघींत २,९०० रुपयांचा फरक दिसत होता, तो २,३५० वर आला.

वजन विचारण्याचं दुसरं कारण याहून मोठं आहे. दोन बॅटऱ्यांवर १५० एएच लिहिलेलं असतं आणि एकीत शिसं कमी असतं. जाड पॉझिटिव्ह प्लेट आणि वर भरपूर ॲसिड राहील असा उंच डबा, यांनीच आयुष्य वाढतं आणि दोन्हींचं वजन लागतं. मधली बॅटरी पहिलीपेक्षा दोन-तीन किलोनेच जड निघाली, तर तुम्ही जास्तीचे पैसे मुख्यतः वॉरंटी कार्डासाठी देताय. सात-आठ किलोंचा फरक असेल तर पैसे मालाला जाताहेत.

भाव घेताना तो जीएसटीसकट आहे का, हेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोणी जुन्या भावपत्रकावरून बोलत असेल तर तुलना तिथेच फसते.

मग तास

लेबलवर १५० एएच असतं आणि शेजारी बारीक अक्षरात सी-२०. त्याचा अर्थ असा, की ही बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली, म्हणजे ७.५ अँपिअरने, तर १५० एएच मिळतील. घरात असं कोणी वापरत नाही. प्रवाह वाढला की त्याच बॅटरीतून कमी एएच निघतात.

तुमचा भार मांडू. दोन साधे पंखे १४० वॅट, चार एलईडी दिवे ४०, राउटर १०, टीव्ही ६०. एकूण २५० वॅट. इन्व्हर्टर स्वतः काही वीज खातो. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ३१२ वॅट निघतात, आणि १२ व्होल्टने भागलं तर २६ अँपिअर.

आता १५० एएच सी-२० ची बॅटरी दहा तासांच्या दराने, म्हणजे सी-१० ने, साधारण १२७ एएच देते. त्याहून जलद वापराचं प्रमाण ट्युब्युलर बॅटऱ्यांच्या भारतीय मानकात, आयएस १६५१ मध्ये, दिलं आहे. पाच तासांत रिकामी केली तर सी-१० च्या ८३.३ टक्के मिळतात, चार तासांत ७८.२, तीन तासांत ७१.७ आणि दोन तासांत ६३.३ टक्के. २६ अँपिअर हा १२७ एएचच्या बॅटरीला तीन आणि चार तासांच्या मधला दर आहे. उत्तर येतं साधारण पावणेचार तास. तेही नवीन, पूर्ण चार्ज असताना.

दुकानात १५० गुणिले १२ भागिले २५० असा गुणाकार करून सव्वासात तास सांगतात. त्यावर विसंबून बॅटरी घेतली की पहिल्याच आठवड्यात बॅटरी खराब लागली असं वाटतं. ती खराब नसते, आकडा चुकीच्या दराचा असतो.

२०० एएचची बॅटरी सी-१० ने साधारण १७० एएच देते. तिच्यासाठी तेच २६ अँपिअर पाच ते सहा तासांच्या दराचे होतात आणि बॅकअप मिळतो साडेपाच तासांच्या थोडा वर, ५.७ तास धरा. एएच एक-तृतीयांशाने वाढले, तास मात्र दीडपट झाले, कारण मोठ्या बॅटरीवर तोच भार हलका पडतो. किमतीला एएचने भागून तुलना करणारे नेमके इथे चुकतात.

तुम्हाला सलग चार तास हवेत. म्हणजे १५० एएचची कुठलीही बॅटरी या भारावर पहिल्या दिवसापासून अपुरी आहे. दर आठवड्याला ती तळापर्यंत जाणार, इन्व्हर्टर लो-बॅटरीवर बंद पडणार, आणि तिच्या क्षमतेत जी घट होईल ती तुम्हाला लगेच जाणवणार. २०० एएचची बॅटरी वयाने ८० टक्क्यांवर आली तरी याच भारावर चार तासांच्या जरा वरच देईल. बॅटरी क्षेत्रात ८० टक्के क्षमता हीच आयुष्य संपल्याची खूण मानतात. म्हणजे ती तिचं पूर्ण आयुष्य तुमची गरज भागवते.

आता वर्षं

कुठली बॅटरी किती वर्षं चालेल, हे आधी खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वर्षांचा अंदाज करत बसण्यापेक्षा प्रश्न उलटा विचारा: महाग बॅटरीने स्वस्त बॅटरीच्या किती पट चालायला हवं? खऱ्या किमतींचा भागाकार केला की उत्तर मिळतं. मधलीने पहिलीच्या सव्वापट (११,९५० भागिले ९,६००). मोठीने पहिलीच्या १.६५ पट.

इथे तुमच्याकडे एक मोलाचा आकडा आहे: ३६ महिन्यांची बॅटरी तुमच्याच घरात, तुमच्याच इन्व्हर्टरवर चार वर्षं चालली. हा आकडा माहितीपत्रकातल्या कुठल्याही दाव्यापेक्षा भरवशाचा आहे. पहिल्या बॅटरीला तीच चार वर्षं द्या. वर्षाला २,४०० रुपये, अधिक डिस्टिल्ड वॉटरचे दीड-दोनशे. पाणी तिघींना लागतं, म्हणून पुढे ते धरत नाही. त्या भावाला मधली पाच वर्षं चालली पाहिजे, आणि मोठी सहा वर्षं सात महिने.

मधलीने पाच वर्षं काढणं अवघड नाही. वजनाच्या कसोटीला ती उतरली, तर माझा कौल पहिलीपेक्षा तिला आहे. मोठीने सहा वर्षं सात महिने काढणं शक्य आहे, पण त्यावर पैज लावू नये.

तरीही मोठीची शिफारस करतोय, ती तासांमुळे. पहिलीचे वर्षाला २,४०० रुपये देऊन पावणेचार तासांचा बॅकअप मिळतो, म्हणजे बॅकअपच्या एका तासाला वर्षाला ६४० रुपये. मोठी पाचच वर्षं चालली तर वर्षाला ३,१६० रुपये पडतात, पण त्यात ५.७ तास मिळतात, म्हणजे तासाला ५५४ रुपये. सहा वर्षं चालली तर ४६२. तासाच्या हिशोबाने मोठीने फक्त चार वर्षं चार महिने चालणं पुरेसं आहे, आणि ते ती सहज चालते.

मात्र न वापरलेल्या तासाला किंमत नसते. तुमची वीज दोन तासच जात असती, तर हा सगळा फायदा कागदावरच राहिला असता आणि मी मधलीच घ्यायला सांगितलं असतं. आधी गरजेचे तास ठरवा, त्यात वयाच्या घटीसाठी एक-तृतीयांशाहून थोडे जास्त वाढवा, आणि तेवढे तास देणाऱ्या बॅटऱ्यांचीच आपसात वर्षाच्या भावाने तुलना करा. जी गरज भागवतच नाही तिचा वर्षाचा भाव कितीही कमी निघाला तरी उपयोग नाही.

पंखे बदलले तर

साधा पंखा ७० वॅट घेतो, बीएलडीसी पंखा पूर्ण वेगाला तीसेक वॅट. दोन पंखे बदलले की तुमचा भार २५० वरून १७० वॅटवर येतो आणि बॅटरीवरचा प्रवाह २६ वरून १८ अँपिअरच्या आत. मग तीच १५० एएच बॅटरी नवीन असताना साधारण साडेसहा तास देते, आणि ८० टक्के क्षमतेवर आली तरी पावणेपाच तासांच्या आसपास. चार तासांची गरज तिच्या आयुष्यभर भागते, आणि आठवड्याच्या त्या चार तासांत ती तळाला न जाता साठ-पासष्ट टक्केच रिकामी होते.

पंख्यांच्या जोडीला साधारण सहा हजार रुपये धरा. मोठ्या बॅटरीसाठी मधलीपेक्षा ४,६०० रुपये जास्त जाणार होते, ते वाचले. शिवाय पंखे वीज असतानाही चालतात. दोन्ही रोज दहा तास चालले तर वर्षाला २९० युनिटच्या आसपास वाचतात, युनिटला आठ रुपये धरले तरी २,३०० रुपये. हा आकडा बॅटरीच्या पूर्ण वर्षाच्या खर्चाएवढा आहे. म्हणून तुम्ही न विचारताही हे सांगतोय: तुमच्या बाबतीत सगळ्यात स्वस्त उत्तर मधली बॅटरी आणि दोन नवे पंखे हेच आहे.

वॉरंटी नक्की कशाला पैसे देते

३६+२४ मधले पहिले ३६ महिने फुकट बदलून देण्याचे आणि पुढचे २४ प्रो-राटाचे, म्हणजे नव्या बॅटरीवर फक्त सवलत मिळण्याचे. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीचीच उरलेली पुढे चालते. तिसाव्या महिन्यात बॅटरी बदलून मिळाली तर फुकटचे सहाच महिने उरतात. पण बॅटरी नवी असते, त्यामुळे वर्षाच्या हिशोबात हा मोठाच लाभ आहे.

प्रो-राटाचं तसं नाही. कार्डाच्या मागे महिन्यांचा तक्ता असतो, अमुक ते अमुक महिन्यांत इतके टक्के सवलत. ही सवलत बहुतेक वेळा एमआरपीवर असते आणि जुनी बॅटरी कंपनीकडे जमा करावी लागते. समजा मधल्या बॅटरीची एमआरपी २२,००० आहे आणि पन्नासाव्या महिन्यात तक्त्याप्रमाणे २० टक्के सवलत मिळते. तुम्ही भरणार १७,६००. तीच बॅटरी त्याच दुकानात रोखीने १५,८०० ला मिळते आणि जुनीचे ३,८५० वजा होऊन ११,९५० च पडतात. म्हणजे वॉरंटी वापरली तर साडेपाच हजारांचं नुकसान. असा तक्ता असेल तर ते २४ महिने तुलनेत शून्य धरा आणि बॅटऱ्यांची तुलना फुकट बदलून देण्याच्या मुदतीवर करा. पहिलीला २४ महिने, बाकी दोघींना ३६, हा तुमच्या तीन भावांमधला वॉरंटीचा खरा फरक.

प्रो-राटाचा तक्ता घेण्याआधी मोबाइलवर फोटो काढून घरी नेऊन वाचा. एमआरपीचा उल्लेख आहे का, जुनी जमा करायची आहे का, आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, या तीन ओळी शोधा.

वर्षं कुठे गळतात

बॅटरी एकदा पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की एक चक्र झालं. तुमच्या वापरात या चक्रांची संख्या प्रश्नच नाही. आठवड्याचा एक मोठा आणि रोजचे छोटे वापर मिळून वर्षाला पूर्ण चक्रं पंचाहत्तरच्या आसपास होतात. चांगल्या ट्युब्युलर बॅटरीला हजारावर चक्रांचा दावा असतो. त्या हिशोबाने ती तेरा वर्षं चालायला हवी आणि तशी ती चालत नाही, कारण तुमच्याकडे बॅटरी चक्रांनी नाही, वयाने, उष्णतेने आणि देखभालीने जाते. म्हणून माहितीपत्रकातल्या १,२०० की १,५०० चक्रांसाठी तुम्ही एक रुपयाही जास्त देऊ नका. जिथे रोज पाच-सहा तास भारनियमन सोसावं लागतं तिथे वर्षाला तीनशे चक्रं होतात, आणि तिथे हाच आकडा सगळं ठरवतो.

तुमची वर्षं खाणाऱ्या गोष्टींत पहिली चार्जिंगची. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं: ट्युब्युलर, फ्लॅट आणि एसएमएफ. ते चुकून एसएमएफवर राहिलं तर ट्युब्युलर बॅटरीला लागणारा १४.४ व्होल्टच्या आसपासचा बूस्ट मिळत नाही. बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. इन्व्हर्टरवरचा चार्जिंगचा दिवा मात्र पूर्ण दाखवत राहतो, त्यामुळे दोष कळत नाही. नवी बॅटरी बसवताना हे बटण स्वतः पाहा. २०० एएच घेणार असाल तर इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत कमाल किती एएचची बॅटरी चालते तेही पाहा. चार तासांच्या वापरानंतर साधारण १०५ एएच बाहेर गेलेले असतात, ते भरायला १२० च्या वर लागतात. बारा अँपिअरचा चार्जर असेल तर दहा तास, आणि शेवटचा हळू भरणारा टप्पा वेगळा. आठवड्यातून एकदाच वीज जात असल्याने तुमच्याकडे ते निभावतं. रोज जात असती तर लहान चार्जरवर मोठी बॅटरी कधीच पूर्ण भरली नसती आणि लहानीपेक्षा आधी गेली असती.

दुसरी उष्णता. बॅटरीचं आयुष्य साधारण २५ ते २७ अंशांना धरलेलं असतं, आणि तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं तर ते निम्म्यावर येतं. पश्चिमेच्या गॅलरीत पत्र्याच्या पेटीत ठेवलेली बॅटरी आणि जिन्याखाली सावलीत, हवेशीर जागी ठेवलेली बॅटरी, यांत दीड-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. ट्रॉली भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

तिसरं पाणी. सहाही झाकणांवरचे फ्लोट दोन महिन्यांतून एकदा पाहा आणि लाल खुणेच्या वर राहतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घाला, नाहीतर चार्ज होताना पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं आणि तेवढं ॲसिड कायमचं कमी होतं. ॲसिड स्वतः कधीही घालू नका. नळाचं किंवा आरओचं पाणीही नको, त्यातल्या क्षारांनी बॅटरी आतल्या आत स्वतःहून उतरत राहते.

पैशात सांगायचं तर पहिल्या बॅटरीचे सहा महिने गेले की वर्षाचा खर्च २,४०० वरून २,७४० वर जातो. दुकानात घासाघीस करून सुटलेले पाचशे रुपये दीड वर्षात तिथेच संपतात.

लिथियम

१२.८ व्होल्ट, १०० एएचची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तास साठवते. त्यातले ९० टक्के वापरले तर तुमच्या ३१२ वॅटला ३.७ तास मिळतात, म्हणजे १५० एएच ट्युब्युलरइतकेच. तिच्या बाबतीत प्रवाह वाढल्याने एएच फारसे घटत नाहीत, म्हणून १०० चे १५० ला पुरतात. किंमत २८,००० धरली आणि शेवटी भंगाराचे फारसे पैसे येत नाहीत हे लक्षात घेतलं, तर पाणी धरून ट्युब्युलरच्या वर्षाला २,६०० रुपयांशी बरोबरी करायला तिला पावणेअकरा वर्षं चालावं लागेल. वॉरंटी सहसा पाच वर्षांची असते. तुमच्यासाठी हे गणित बसत नाही.

रोज लांब भारनियमन असलेल्या गावात चित्र वेगळं आहे. तिथे लेड-ॲसिड तीनेक वर्षांत जाते आणि चार्जिंगमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं बिल वर्षाला हजार-बाराशेने जास्त येतं. तिथे लिथियम सहा वर्षांच्या आसपास बरोबरीला येते. पण त्यासाठी इन्व्हर्टरमध्ये लिथियम मोड असावा लागतो. तो नसेल तर नव्या इन्व्हर्टरचे पैसेही त्याच भागाकारात धरा.

घेताना आणि नंतर

बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना वाचून दाखवायला सांगा. तीन महिन्यांपेक्षा जुनी आणि मधे चार्ज न केलेली असेल तर दुसरी मागा. मल्टिमीटर लावून पाहा, पूर्ण चार्ज असून तासनतास न वापरता उभी असलेली ट्युब्युलर बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.३ च्या खाली दाखवत असेल तर ती अर्धवट उतरलेली आहे, चार्ज करून दाखवा म्हणावं. बिलावर अनुक्रमांक, मॉडेल आणि खरेदीची तारीख असावी, आणि ऑनलाइन नोंदणी दुकानातच उभं राहून करून घ्यावी, कारण ती नसेल तर अनेक कंपन्या वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात.

बसवल्यावर दोन आठवड्यांनी, बॅटरी पूर्ण चार्ज असताना, मुख्य पुरवठा बंद करून तुमचा नेहमीचा भार चालवा आणि लो-बॅटरीचा इशारा येईपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी त्याच भारावर पुन्हा मोजा. वेळ अचानक घटला तर ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासा. पूर्ण चार्जला आकडा साधारण १.२४० यावा, आणि एकाच कप्प्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०३० किंवा अधिक खाली असेल तर तो कप्पा गेला आहे. पाणी घातल्याबरोबर मोजू नका, वर तरंगणाऱ्या ताज्या पाण्यामुळे आकडा खोटा कमी येतो, एक चार्ज होऊन जाऊ द्या. असा एक कमजोर कप्पा फुकट बदलून मिळण्याच्या मुदतीत सापडला तर लगेच तक्रार नोंदवा. ३६ वा महिना सुरू होण्याआधी, पस्तिसाव्या महिन्यात, ही चाचणी न चुकता करा.